चारशे सेलांचा एक युनिट

पत्र: घरात सेल फार लागतात. मुलाच्या रिमोटवरच्या गाडीत चार पेन्सिल सेल, ते आठवड्याभरात उतरतात. भिंतीवरच्या घड्याळात एक, तो दीड वर्ष जातो. शिवाय टीव्हीचा रिमोट आणि टॉर्च. रिचार्जेबल सेल अल्कलाइनच्या चौपट किमतीला मिळतो आणि चार सेलांच्या चार्जरला सोळा अल्कलाइन सेलांइतके पैसे पडतात. सासरे म्हणतात, एकदा घेतले की पुढे फुकटची वीज. नवरा म्हणतो, चार्जर वीज खातो आणि सेल वर्षभरात मरतात, म्हणजे सगळं एकच. एका अल्कलाइन सेलच्या पैशात आमच्या मीटरवरचे तीन युनिट येतात, एवढा हिशेब मी केलाय. मग सेलमधून मिळणारा एक युनिट खरोखर केवढ्याला पडतो, यात आणि त्यात?
— हिशेबी सूनबाई

उत्तर: सूनबाई, सगळ्या किमती तुम्ही अल्कलाइन सेलांत मोजून दिल्यात हे फार बरं झालं. मीही तेच नाणं वापरतो. भाव वर-खाली झाले तरी हा हिशेब मोडणार नाही, फक्त तुमचे तीन आकडे बदलून पुन्हा मांडायचा.

सुरुवात एका सेलमध्ये किती वीज असते इथून करू. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमधून हलक्या कामात साधारण २००० ते २५०० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, मिळतात. सेलवर दीड व्होल्ट लिहिलेलं असतं, पण ते नव्या सेलचं. वापरायला लागल्यावर व्होल्टेज हळूहळू घसरत जातं आणि पूर्ण उतरेपर्यंतची सरासरी सव्वा व्होल्टच्या आसपास येते. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागलं की हातात पडतात अडीच ते तीन वॅट-तास. आपण अडीच धरू. मीटरवरचा एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे एक युनिट वीज अल्कलाइन सेलांतून काढायची तर ४०० सेल विकत आणावे लागतील. तुमच्या नाण्यात ४०० सेलांचे पैसे म्हणजे मीटरवरचे १२०० युनिट. सेलमधली वीज भिंतीतल्या विजेपेक्षा बाराशे पट महाग आहे, आणि यात दुकानदाराने फसवलं वगैरे काही नाही. पैसे विजेचे नसतातच. जस्त, मँगनीज डायऑक्साइड, पोलादी डबी, आणि ती वीज वर्षानुवर्षं खिशात बाळगायची सोय, याचे ते पैसे. (काही मनगटी घड्याळांत किंवा किल्लीच्या रिमोटमध्ये बसतो तो सीआर २०३२ नावाचा चपटा सेल याहून वरचढ. त्यात जेमतेम पाऊण वॅट-तासापेक्षाही कमी वीज असते, म्हणजे एका युनिटला दीड हजार सेल.)

आता रिचार्जेबल. तुम्ही म्हणताय तो बहुधा निकेल-मेटल हायड्राइडचा असणार, वर २००० एमएएच आणि १.२ व्होल्ट छापलेला. त्याचे होतात २.४ वॅट-तास. थोडी गळती, थोडं वय धरून आपण २.२ धरू. म्हणजे एका फेरीत तो अल्कलाइनपेक्षा किंचित कमीच वीज देतो. हे अनेकांना ठाऊक नसतं, आणि 'रिचार्जेबल लवकर उतरतात' ही तक्रार इथून येते. तक्रार खोटी नाही, पण तुमच्या गाडीच्या बाबतीत ती उलटी पडते. ते पुढे सांगतो.

त्याची किंमत चार सेल. चार्जरचे सोळा चार सेलांत वाटले की प्रत्येकावर आणखी चार. म्हणजे एका रिचार्जेबल सेलवर तुमचे आठ अल्कलाइन सेलांचे पैसे अडकले. आता प्रश्न एवढाच उरतो की हा सेल आयुष्यात किती वेळा भरला आणि उतरवला जाईल. दर फेरीला २.२ वॅट-तास, म्हणजे एक युनिट निघायला सुमारे ४५५ फेऱ्या. ज्या सेलने ३०० फेऱ्या केल्या त्याचा युनिट पडतो सुमारे १२ सेलांना. ज्याने १०० केल्या त्याचा ३६ ला. ज्याने नऊच केल्या आणि मग तो ड्रॉवरमध्ये हरवला, त्याचा युनिट पडतो ४०० ला, थेट अल्कलाइनच्या भावाने. नऊ फेऱ्यांच्या आत हरवला तर अल्कलाइनच स्वस्त होता. तुमच्या किमतींना हा नऊचा आकडा लागू. चार्जर घरात आधीच असेल तर तो साडेचारवर येतो.

बघा, यात मी अजून भिंतीतल्या विजेचे पैसे धरलेलेच नाहीत. मुद्दामच. सेल भरताना काही वीज उष्णतेत जाते, आणि चार्जरची स्वतःची उधळपट्टी वेगळी. साध्या हळू चार्जरची प्रमाणित पद्धतच अशी आहे की सेलच्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतक्या करंटने सोळा तास भरायचं. दहा तासांत भरायला हवं तिथे सोळा तास, म्हणजे दीडपटीहून जास्त आत घालायचं तेव्हा पूर्ण भरतो. सगळं मिळून सेलमधून २.२ वॅट-तास काढायला भिंतीतून सुमारे ५ वॅट-तास घ्यावे लागतात असं धरा. निम्म्याहून जास्त वाया! पण पैशात? सेलमधल्या एका युनिटमागे मीटरवर सव्वादोन युनिट, म्हणजे एका अल्कलाइन सेलच्या पाऊण किमतीइतके पैसे. बारा किंवा छत्तीस सेलांच्या हिशेबात हे पाऊण कुठे दिसतही नाही. सासऱ्यांची 'फुकटची वीज' इथपर्यंत बरोबर आहे. चूक एवढीच की वीज जवळपास फुकट असली तरी ज्या डबीत ती भरायची ती डबी फुकट नाही. ३०० फेऱ्या केलेल्या सेलचा युनिटसुद्धा मीटरवरच्या युनिटच्या जवळपास चाळीसपट महाग आहे.

नवऱ्याचं 'चार्जर वीज खातो' हेही एका अर्थी खरं, पण ते सेल भरताना नव्हे. सेल काढून घेतल्यावर चार्जर तसाच प्लगला लटकत राहतो, तेव्हा. अर्धा वॅट जरी खात बसला तरी वर्षाला ४.४ युनिट. तुमची गाडी वर्षभर चालवायला सेलांत जेवढी वीज भरावी लागेल तिच्या सुमारे नऊपट वीज तो रिकामा बसून खाईल. पैशात ते दीड सेल होतात, म्हणजे घर बुडणार नाही. पण वायर काढून ठेवायला खर्च शून्य.

आता गाडी. तिथे हिशेब खऱ्या अर्थाने फिरतो.

खेळण्यातली मोटर जोरात चालताना एक अँपिअरच्या आसपास करंट ओढते. अल्कलाइन सेलला हे जमत नाही. सेलच्या पोटातच विजेच्या वाटेत अडथळा असतो. नव्या अल्कलाइनमध्ये तो ओहमच्या दशांशाहून थोडा जास्त असतो आणि सेल उतरत जाईल तसा वाढतो. हलक्या कामात तो जाणवत नाही. एक अँपिअर ओढला की दीड व्होल्टमधले दोन-तीन दशांश व्होल्ट आतल्या आतच जिरतात. तोंड अरुंद असलेल्या बाटलीतून घाईने ओतायला गेलं की होतं तसंच. परिणाम असा की हलक्या कामात अडीच वॅट-तास देणारा तोच सेल गाडीत जेमतेम एक वॅट-तास देतो. म्हणजे गाडीत अल्कलाइनचा युनिट ४०० ला नव्हे, १००० सेलांना पडतो. उरलेली वीज कुठे गेली? थोडी उष्णतेत, आणि बरीचशी सेलमध्येच राहिली. हे पडताळायला मोठं यंत्र नको. गाडीतून 'संपलेला' सेल काढा, दोन तास बाजूला ठेवा आणि घड्याळात घाला. घड्याळ चालू होईल, आणि बहुतेकदा महिनोन् महिने चालत राहील.

निकेल सेलच्या पोटातला अडथळा याच्या कितीतरी कमी, काही पट नव्हे तर कधीकधी जवळजवळ दहापट. एक अँपिअर ओढला तरी तो १.२ व्होल्टवर सपाट चालतो आणि आपले दोन-सव्वादोन वॅट-तास जवळजवळ पूर्ण देतो. म्हणून गाडीत रिचार्जेबल जास्त टिकतो, कमी नाही. कागदावर कमी वीज असलेला सेल प्रत्यक्षात दुप्पट चालतो.

तुमचे आकडे घालून बघू. आठवड्याला चार सेल, म्हणजे वर्षाला २०८. प्रत्येकाचा एक वॅट-तास धरला तर गाडी वर्षात २०८ वॅट-तास खाते. तेच काम रिचार्जेबलने करायचं तर प्रत्येकी २.२ प्रमाणे सुमारे ९५ सेल-भरण्या, म्हणजे चारच्या संचाच्या २४ फेऱ्या. दोन आठवड्यांनी एकदा चार्जरला लावायचे, बस्स. पहिला खर्च चार सेलांचे सोळा आणि चार्जरचे सोळा, एकूण ३२ सेल. तो आठ आठवड्यांत वसूल, कारण तेवढ्या काळात तुम्ही बत्तीस अल्कलाइन आणलेच असते. वर्षाअखेर २०८ विरुद्ध ३२. सेल भरायला वर्षभरात मीटरवर अर्धा युनिटही पुरा होत नाही. आणि दुसऱ्या वर्षी मुलाला गाडीचा कंटाळा आला तरी सेल टॉर्चमध्ये जातात, खेळणं बदलतं.

घड्याळाकडे वळलो की सगळं उलटं. दीड वर्षात अडीच वॅट-तास! तुमच्या घड्याळाला सेलमधला एक युनिट संपवायला सहाशे वर्षं लागतील. तिथे युनिटचा भाव कितीही भयंकर दिसला तरी खिशातून जातो दीड वर्षाला एक सेल. रिचार्जेबल घातला तर नऊ फेऱ्या व्हायला साडेतेरा वर्षं, आणि तोवर तो सेल म्हातारपणानेच जाईल. चार्जर आधीच आहे म्हणून फक्त सेलचे चार धरले तरी सात वर्षांच्या आसपास. शिवाय निकेल सेल नुसता बसूनही हळूहळू उतरतो. तेव्हा घड्याळ आणि टीव्हीचा रिमोट यांना अल्कलाइनच ठेवा, आणि गाडीतून निघालेले जुने अर्धवट सेल तिथे संपवा. फक्त वर्षातून एकदा झाकण उघडून बघा. अल्कलाइन सेल पार उतरल्यावर आत वायू साठतो आणि कडेने पोटॅश बाहेर येतं, मग स्प्रिंगवर पांढरी खरवड दिसते. रिमोट बिघडला तर त्या सेलचा खरा भाव रिमोटच्या किमतीइतका झाला.

एकूण काय, युनिटचा भाव सेलवर छापलेला नसतो, तो उपकरण ठरवतं. उपकरण जितक्या जोरात आणि जितक्या वारंवार ओढतं, तितका रिचार्जेबल स्वस्त.

आता तुमच्या नवऱ्याच्या दुसऱ्या मुद्द्याला, 'वर्षभरात मरतात' याला येऊ, कारण ते पुष्कळ घरांत खरोखर होतं. सेलच्या पाकिटावर '२१०० वेळा चार्ज' वगैरे लिहिलेलं असतं. तो आकडा प्रमाणित चाचणीतला आहे, आणि त्या चाचणीत बहुतेक फेऱ्या सेल अर्धा-पाऊण उतरवूनच मोजतात. शिवाय आठवड्याला एक फेरी धरली तरी २१०० फेऱ्यांना चाळीस वर्षं लागतील. सेल त्याच्या कितीतरी आधी वयाने थकेल. मी हिशेबाला १०० ते ३०० धरतो. पण घरातले सेल तेवढेही करत नाहीत, आणि त्याची कारणं बहुतेकदा दोनच.

पहिलं कारण, एक सेल उलटा भरला जाणं. गाडीत चार सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक इतरांपेक्षा आधी रिकामा झाला आणि मूल 'अजून थोडी चालतेय' म्हणून दाबत राहिलं, की उरलेले तीन सेल त्या रिकाम्या सेलमधून जबरदस्तीने करंट ढकलतात आणि त्याचं व्होल्टेज उलटं करून टाकतात. असं चार-पाच वेळा झालं की तो सेल कायमचा अशक्त, आणि पुढच्या वेळी तोच पुन्हा आधी रिकामा. म्हणून चारही एकाच वेळी घेतलेले, एकाच क्षमतेचे वापरायचे, संचावर पेनाने खूण करून ठेवायची आणि गाडी मंदावली की लगेच काढायचे. जुना-नवा मिसळायचा नाही. अल्कलाइन आणि निकेल तर एकत्र कधीच नाही.

दुसरं कारण चार्जर. स्वस्त चार्जर नुसता वेळ मोजतो, किंवा सेल दोन-दोनच्या जोडीने भरतो. त्यामुळे जोडीतला एक जादा भरून तापत राहतो आणि दुसरा अर्धवट राहतो. तुमच्या सोळा सेलांच्या किमतीत प्रत्येक कप्पा वेगळा बघणारा चार्जर मिळत असेल तर तोच घ्या, कप्प्यागणिक वेगळा दिवा ही त्याची खूण. तो सेल भरत आल्यावर व्होल्टेज शिखरावर जाऊन किंचित खाली येतं ते टिपतो आणि थांबतो. मात्र फार हळू भरलं तर ही खाली येण्याची खूण उमटतच नाही, आणि असा चार्जर चुकतो. म्हणून २००० एमएएचच्या सेलला साधारण तीन-चार तासांत भरणारा चार्जर मला सर्वांत सोयीचा वाटतो. सेल कोमट होतात ते ठीक. हातात धरवत नाहीत इतके तापले तर चार्जर बदला. आणि पूर्ण उतरलेला सेल लावल्यावर दहा मिनिटांत 'भरला' असा दिवा लागला तर सेल भरलेला नाही, आतला अडथळा वाढून तो चार्जरला फसवतोय. त्याला निवृत्त करा.

सेल निवडताना मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका. २००० वाला आणि २५०० वाला यांत दुसऱ्यात वीज जास्त, पण त्याचं आयुष्य पुष्कळ कमी असतं आणि बसल्या-बसल्या तो जास्त उतरतो. खेळण्याला २००० पुरे. पेन्सिल सेलच्या डबीत निकेलचे २८०० च्या वर फारसे मावतच नाहीत, तेव्हा ३५००, ४००० छापलेला दिसला की हात मागे घ्या. पाकिटावर कमी सेल्फ-डिस्चार्ज किंवा 'वापरायला तयार' असं काहीतरी लिहिलेलं असेल ते बघून घ्या. हे सेल २००५ पासून बाजारात आहेत आणि वर्षभर पडून राहिले तरी बहुतेक वीज राखतात. त्याआधीचे निकेल सेल महिन्यातच चौथाईभर वीज गमवायचे. सासऱ्यांच्या पिढीला रिचार्जेबलबद्दल ज्या काही वाईट आठवणी असतील त्या तेव्हाच्या.

हल्ली दीड व्होल्टचे लिथियम-आयन पेन्सिल सेलही मिळतात. त्यांच्यावर एमएएचऐवजी एमडब्ल्यूएच, म्हणजे मिलिवॅट-तास, छापलेलं असतं आणि ३००० चा आकडा मोठा दिसतो. दीड व्होल्टने भागा, ते होतात २००० एमएएच. वीज वाईट नाही, पण सेलच्या आत व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट असतं, ते मोटरच्या धक्क्याने कधी बंद पडतं, आणि सेल संपतो तेव्हा क्षणात संपतो. त्यांना वेगळा चार्जर लागतो. गाडीसाठी मी निकेलच घेईन.

टॉर्चचं उत्तर टॉर्च कशासाठी आहे त्यावर. रोज रात्री लागत असेल तर रिचार्जेबल. वीज गेल्यावरच लागणारी, कपाटात पडून असलेली असेल तर तिथे अल्कलाइन, कारण चांगला अल्कलाइन सेल दहा वर्षं पडून राहिला तरी बरीचशी वीज राखून असतो. फक्त सेल टॉर्चमध्ये घालून न ठेवता पाकिटातच, टॉर्चला रबराने बांधून ठेवा. धुराचा अलार्म असेल तर त्याच्या माहितीपत्रकात जो सेल सांगितलाय तोच घाला. निकेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहून अचानक कोसळतं, आणि 'सेल बदला' ही किणकिण करायला अलार्मला वेळच उरत नाही.

तेव्हा आज खरेदीला जाल तर निकेलचे २००० वाले चार सेल आणि कप्पे वेगळे बघणारा चार्जर. दोन महिन्यांनी, पैसे वसूल झाल्यावर, आणखी चार घ्या, म्हणजे एक संच गाडीत असताना दुसरा भरलेला तयार राहील. ते दुसरे चार तुम्हाला चार्जरशिवाय, फक्त सोळा सेलांना पडतील.